रुखवतातला पलंग

आमच्या घरी धंद्यात काहीही बिघडलं की दोष लाकडाला जायचा. महिनाअखेरीला हातात काही उरलं नाही, की सागवान महागलं. कामगारांच्या पगाराला ओढाताण झाली, की सागवान ओलं निघालं. एकदा माझ्या नवऱ्याला नुसता ताप आला, तर सासूबाई लाकडाच्या व्यापाऱ्यावर घसरल्या. मला हसू आवरेना, आणि पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

आमची शेड राहुरीच्या अलीकडे, नगर-मनमाड रस्त्याला लागून. सासऱ्यांनी सुरू केलेली. त्यांना अख्खा तालुका मिस्त्री म्हणतो, आम्ही घरचे आबा. हल्ली ते हत्यार हातात धरत नाहीत, पण सकाळी शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात आणि रंध्याच्या आवाजावरून कोण घाई करतंय ते सांगतात. धंदा माझा नवरा बघतो. पलंग, कपाट, सोफा, ड्रेसिंग टेबल असं लग्नात मुलीबरोबर जाणारं सामान हा आमचा मुख्य माल. मी साखर कारखान्यात कॉस्टिंगला, म्हणजे एक पोतं साखर तयार व्हायला कुठे काय खर्च होतं ते काढणाऱ्या विभागात. दिवसभर कारखान्याचा खर्च शोधायचा आणि घरी आल्यावर लाकडाला दिलेल्या शिव्या ऐकायच्या, असं माझं बरीच वर्षं चाललं होतं.

दिवाळीनंतरची गोष्ट. जेवण झाल्यावर नवरा म्हणाला, "सुप्याला जाईन म्हणतो."

सुप्याच्या एमआयडीसीत मॉड्युलर फर्निचरचा कारखाना आहे. तिथे त्याला सुपरवायझरची जागा देऊ केली होती. पगार बरा होता, जायला-यायला बस होती. लगीनसराई संपली की कळवा, असं ते लोक म्हणाले होते.

"आणि शेड?"

"भाड्यानं देऊ. गॅरेजवाला मागतोय."

"आबांना सांगितलंत?"

तो पाण्याचा तांब्या घेऊन उठला. याचा अर्थ नाही सांगितलं.

मला संताप आला. त्याच्यावर नाही, त्या सगळ्या प्रकाराचा. आमच्या मालाला गिऱ्हाईक नसतं तर मी समजू शकले असते. पण गिऱ्हाईक होतं. लगीनसराईत तर ऑर्डरी परत पाठवायची वेळ यायची. आणि तिकडे कोपरगावच्या रस्त्याला एकाची तशीच शेड, तसाच माल, भाव आमच्यापेक्षा थोडा कमीच, आणि त्याने त्या वर्षी दुसरा टेम्पो घेतला होता. माझा नवरा चांगला सुतार आहे. एवढा चांगला माणूस दुसऱ्याच्या कारखान्यात दाबलेल्या भुशाच्या फळ्या मोजत, शिट्टी वाजली की जेवायला जाणार, हे मला बघवणार नव्हतं. ते मी तेव्हाच त्याला बोलून दाखवलं.

"त्याला उरतं आणि आपल्याला उरत नाही, ते का?" मी विचारलं.

"लाकूड," तो म्हणाला.

मी ठरवलं, लगीनसराई संपेपर्यंत याचा छडा लावायचा. कारखान्यात आम्हाला एकदा व्हॅल्यू चेनचं प्रशिक्षण दिलं होतं. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. माल आत आल्यापासून गिऱ्हाइकाच्या घरी पोचून त्याची तक्रार मिटेपर्यंत जी जी कामं होतात, ती एकामागून एक मांडायची. विकलेल्या किमतीतला किती हिस्सा कुठल्या कामात जातो ते बघायचं, आणि त्या कामामुळे गिऱ्हाईक आपल्याला काही जास्त देतं का, तेही बघायचं. मग शेजारी प्रतिस्पर्ध्याची तीच कामं मांडायची. जिथे त्याच्यात आणि आपल्यात अंतर दिसेल, तिथे थांबून विचारायचं. साखरेत आम्ही वेगळं काय करतो? उसातून आत आलेली सगळी साखर पोत्यात उतरत नाही. थोडी चोथ्याबरोबर जाते, थोडी प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, थोडी मळीत. एवढ्या सगळ्याचा मेळ लागूनही जी सापडत नाही, तिला अज्ञात घट म्हणतात. ती वाढली की आमचे साहेब कुणाला सुखाने चहा पिऊ देत नाहीत.

सुरुवात अर्थातच लाकडापासून केली, कारण घरात दुसरं काही ऐकूनच घेणार नव्हते. लाकडाचा व्यापारी दोघांचा एकच. त्याला विचारलं तर तो हसून म्हणाला, "वहिनी, भाव दोघांनाही सारखाच. तो एकदम जास्त उचलतो म्हणून त्याला चार पैसे सोडतो, बास." उलट आमच्याकडे लाकूड कमी वाया जात होतं. आबांची शिस्तच तशी. पलंगातून उरलेल्या तुकड्यांचे पाट होतात, त्यातून उरलं की पोळपाट, आणि त्यातूनही उरलेलं सासूबाईंच्या चुलीत. लाकडाची दोन्हीकडची टक्केवारी शेजारी ठेवली तेव्हा आम्ही तसूभर पुढेच निघालो. ते मी नवऱ्याला दाखवलं. त्याचा चेहरा पडला. इतक्या वर्षांचा शत्रू निर्दोष सुटला की माणसाला करमत नाही.

मग कापणी, रंधा, सांधे. आमचे सांधे घट्ट बसवलेले, त्यामुळे वेळ थोडा जास्त. पण त्याच्याकडे मशिनं जास्त, त्यांचे हप्ते आणि वीज जास्त. फिरून तेवढंच. विक्रीत तर आमचं पारडं जड, कारण त्याने रस्त्यावर काचेचं शोरूम घेतलं होतं आणि त्याचं भाडं भरत होता. आमचं शोरूम म्हणजे खुर्चीत बसलेले आबा. पॉलिशवाला दोन्हीकडे जाणारा एकच, नगावर पैसे घेणारा, आणि बोलायची भलती हौस असलेला; तिकडची बरीचशी माहिती मला त्याच्याकडूनच मिळाली. त्याचाही दर सारखाच.

म्हणजे प्रत्येक पायरीवर आम्ही बरोबरीचे किंवा बरे, आणि शेवटी हातात मात्र काही नाही. माझ्या हिशेबाने एका पलंगामागे जेवढं उरायला हवं, त्याच्या जवळपासही उरत नव्हतं. घरातच अज्ञात घट निघाली होती. मी चिडून पुन्हा पहिल्यापासून सगळं मांडलं, आणि मांडता मांडता वेगळंच काही दिसलं. चातुर्मासात, लग्नं नसताना, कुणी मास्तर किंवा बँकेतले साहेब घरासाठी पलंग न्यायचे, तेव्हा तो पलंग व्यवस्थित कमवायचा. लगीनसराईत, रांग लागलेली असताना, तोच पलंग काही कमवायचा नाही. जितकी लग्नं जास्त, तितकं उरणं कमी. हे उलटंच झालं. लाकूड काही मुहूर्त बघून महाग होत नाही.

"लग्नाच्या पलंगाला आपण वेगळं काय करतो?" मी नवऱ्याला विचारलं.

"काय न्हाई. तोच पलंग."

"पोचवायचं?"

"पोचवायचं तर सगळ्यांचंच असतं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. म्हणून मी म्हटलं, पुढच्या लग्नाला टेम्पोत मीही येणार. तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोक म्हणतील हिला लग्नाला टेम्पोत आणली, बिचारीला गाडी घेऊन दिली नाही. 

लग्न राहुरीजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. मुलगी इकडची, मुलगा आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या गावचा. हळदीच्या दिवशी सकाळीच आम्ही कार्यालयात पोचलो. ज्यांनी आमच्याकडचं लग्न पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मुलीला जे जे देतात ते मांडवात एका बाजूला मांडून ठेवायची रीत आहे. ते रुखवत. लाडवांचे डोंगर, विणलेली तोरणं, भांडी, कपाट, फ्रीज, आणि मधोमध पलंग. पाहुण्यांनी बघायचं, बायकांनी हात लावून बघायचं, आणि मुलीच्या बापाने लांब उभं राहून कोण काय म्हणतंय ते ऐकायचं. हुंडा देत-घेत नाही असं पत्रिकेखाली छापणारेही रुखवताला मागे हटत नाहीत. मला हा प्रकार आवडत नाही, पण माझं पोट त्यावर चालतं, तेव्हा जास्त बोलत नाही.

आमच्या दोन कारागिरांनी टेम्पोतून पलंगाचे भाग उतरवले आणि जोडायला घेतले. माझ्या नवऱ्याने खिशातून फडकं काढून डोक्याकडच्या फळीवरचं कोरीव काम पुसलं. गादी आली, चादर आली, उशांवर मोर आले. हे होईस्तोवर दुपार झाली. तोवर तिकडे शेडमध्ये रंधा बंद, मशिनं बंद, आणि खुर्चीत एकटे आबा.

"झालं ना, आता निघायचं?" मी विचारलं.

"आता कसं? उद्या लग्न लागलं की उकलून न्यायचाय ना."

"कोणी न्यायचाय?"

"आपणच." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भात शिजल्यावर खायचा कोणी असं विचारलंय.

दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत त्या पलंगावर पोरं उड्या मारत होती. एका आजीबाईंनी पाय वर घेऊन छान पानाचा डबा उघडला. कुणीतरी त्याच्या कडेवर स्टीलचा हंडा ठेवून सरकवला, तेव्हा माझ्या नवऱ्याच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला.  जेवणं झाल्यावर कारागिरांनी पलंग उकलला. आमचे सांधे घट्ट, एकदा बसले की पिढीभर हलू नयेत अशा बेताने केलेले. ते मोगरीने ठोकून सोडवताना कोपऱ्यांना मार बसत होता. मग पुन्हा टेम्पो, आणि संगमनेरवरून अकोलेचा रस्ता. पुढे डोंगराची वळणं, मागे सामान आदळतंय, मधल्या सीटवर मी आणि माझ्या मांडीवर कुणीतरी दिलेली लाडवांची परडी.

नवरदेवाचं घर गावाच्या वरच्या अंगाला. टेम्पो खालीच थांबला. पलंग माणसांनी वर नेला. दार अरुंद, डोक्याकडची फळी आत जाईना. मुलाचे काका म्हणाले, चौकटच काढा. चौकट काढली, पलंग आत गेला, चौकट पुन्हा बसवली. तीही आमच्याच माणसांनी, आणि आधीची हलत होती म्हणून पाचर मारून आधीपेक्षा चांगली. मग पलंग जोडला. कोपरे उडालेले दिसत होते. माझा नवरा म्हणाला, "पॉलिशवाल्याला धाडतो दोन दिवसांत, काळजी करू नका." काका म्हणाले, "बरं." बस, बरं. एवढंच.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "हे सगळं आपण कशात धरतो?"

"कशात म्हणजे?"

"कारागिरांचे हे दोन दिवस?"

"त्यांच्या पगारात."

"टेम्पोचं डिझेल?"

"टेम्पोच्या डिझेलमध्ये."

"आणि परत पॉलिश?"

"पॉलिशमध्येच जाणार की." मग जरा थांबून तो म्हणाला, "हे असं धरायचं नसतं गं. हे मानाचं असतं. आबांनी सुरू केलंय. मुलीच्या बापाच्या डोक्यावर त्या दिवशी हजार कामं असतात. आपला पलंग निदान त्याला बघायला लागू नये."

मी त्याच्यावर रागावणार होते, पण रागावता आलं नाही. अंधार पडला होता, कारागीर मागे ताडपत्रीवर झोपले होते, आणि हा माणूस जे बोलत होता ते मनापासून बोलत होता. मला त्याचं कौतुक वाटलं आणि त्याच वेळी सापडलंही. अज्ञात घट ती हीच. आम्ही लग्नाचा पलंग दोनदा पोचवत होतो, दोनदा जोडत होतो, दीडदा पॉलिश करत होतो आणि पैसे एकदाच घेत होतो. पण हे काम म्हणून कुठे मांडलेलंच नव्हतं. ते पगारात, डिझेलमध्ये, पॉलिशमध्ये विरघळून गेलं होतं. पॉलिशवाल्यानेही एका नगाचा दर विचारला तोच मला सांगितला होता, आमचे नग तो दोनदा करतो हे सांगायचं त्याच्या लक्षात नव्हतं, आणि विचारायचं माझ्या. शिवाय शेड बंद राहायची ती ऐन गर्दीत, त्यामुळे घेता आल्या असत्या त्या ऑर्डरी कोपरगावला जायच्या.

पण प्रतिस्पर्ध्याचीही लग्नाचीच गिऱ्हाइकं होती. तो काय करतो ते पाहायचं राहिलं होतं. आमच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीला खरोखरच पलंग घ्यायचा होता, तिच्याबरोबर मी कोपरगावला गेले. मालक पन्नाशीचा, हसतमुख. त्याचे पलंग मी वाकून वाकून पाहिले. सांध्यांना लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट. एका पान्याने उघडायचा, एका पान्याने जोडायचा. काम आमच्याइतकं नाजूक नव्हतं, पण कच्चंही नव्हतं.

"रुखवतात मांडून देता का?" मी विचारलं.

"न्हाई ताई. आमचा माल एकदाच जातो, थेट नवरदेवाच्या घरी. मांडवासाठी आमी फ्लेक्स देतो."

"फ्लेक्स?"

त्याने कोपऱ्यातली गुंडाळी उलगडून दाखवली. पुरुषभर उंचीच्या फ्लेक्सवर पलंगाचा फोटो, खाली वधूवरांची नावं, वर गणपती. मला एकदम हसू फुटलं. मैत्रिणीने मला कोपर मारला. त्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमी राहुरीच्या मिस्त्र्यांच्या सूनबाई ना? लाकूडवाल्याकडं पाहिलंय तुमाला."

आता काय लपवणार? मी सरळ सांगितलं, आमचं कुठे चुकतंय ते शोधतेय. तो रागावेल असं वाटलं होतं, पण त्याने चहा मागवला.

"खरं सांगू का ताई, तुमचं काम आमच्यापेक्षा सरस हाय. पर तुमी लग्नं लावता, आमी पलंग इकतो. तुमच्यासारखं मांडून दिलं तर मी बी बसल खाली." मग कपातला चहा बशीत ओतत म्हणाला, "गिऱ्हाईक मला म्हनतं, राहुरीवाले मांडून देतात. मी म्हनतो, मग जा तिकडं, भाव बी तिकडचाच द्या. जातात बी लई जनं."

ते शेवटचं वाक्य मी घरापर्यंत डोक्यात घोळवत आले. लोक आमच्याकडे मांडणीसाठी येत होते. म्हणजे ती निव्वळ गळती नव्हती, तीच आमची खासियत होती. बंद केली तर गिऱ्हाईक जाईल. चालू ठेवली तर शेड जाईल. उपाय एकच, मांडणीचे पैसे वेगळे घ्यायचे आणि लग्नाच्या पलंगाला उकलायला सोपे सांधे करायचे, म्हणजे माणसं अडकणार नाहीत आणि कोपरे उडणार नाहीत.

नवऱ्याला मी सगळं समोर मांडून दाखवलं. पहिल्यांदाच त्याने लाकडाचं नाव काढलं नाही. बोल्टला तो लगेच कबूल झाला, दुसऱ्याच दिवशी त्याने एक नमुना केला, आणि तो असा, की बोल्ट कोरीव फुलाखाली झाकलेला. पण पैशांचं म्हटल्यावर तो मान हलवायला लागला.

"आबा असेपर्यंत ते होणार नाही."

"आबांना विचारलंय कोणी?"

"त्यांना काय विचारायचं? मुलीच्या बापाकडून मांडायचे पैसे? ते मला शेडमधून हाकलतील."

"तुम्ही नाहीतरी निघालाच आहात ना?"

हे मी जरा जास्तच बोलले. पण बोलले ते खरंच होतं. वडिलांचा मान मोडायला नको म्हणून वडिलांची शेडच गॅरेजवाल्याला द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते. लगीनसराईचे शेवटचे मुहूर्त उरले होते. सुप्याहून फोन येऊन गेला होता.

त्या आठवड्यात रविवारी मी शेडवर डबा घेऊन गेले, तेव्हा एक गिऱ्हाईक बसलेलं होतं. देवळाली प्रवराकडचा शेतकरी, मुलीचं लग्न ठरलेला. बरोबर त्याची बायको. बाईंनी फुलाखाली बोल्ट लपवलेला नवा पलंग हात फिरवून पाहिला, त्यांना आवडला. मग भाव निघाला आणि नेहमीचं सुरू झालं.

"तुमचं जरा म्हाग वाटतं," तो म्हणाला. "कोपरगावला याच्यापेक्षा कमी सांगितलं."

माझा नवरा नेहमीप्रमाणे कमी करायला निघाला. त्याच्या ओठांवर आकडा आलेला मला दिसला. मी डबा टेबलावर जरा जोरात ठेवला. आबा शेजारीच खुर्चीत होते, डोळे मिटून, पण त्यांचे डोळे मिटलेले असताना कान जास्त उघडे असतात.

"त्यांच्याकडे मांडून देत नाहीत," मी म्हटलं.

"व्हय, म्हनून तर तुमच्याकडं आलो. मांडन्याचं, उकलन्याचं, पुन्ना तिकडं जोडून द्यायाचं, तेवढं तुमी भावात धरलेलं असनारच की. ते आमाला कळतं. न्हाईतर एवढं म्हाग कशाला घेतलं असतं कोन? माझ्या भावानं बी तुमच्याकडनंच नेला हुता. तो बी म्हनला, भाव जास्त हाय पर मांडनावळ त्यातच येती."

तो अगदी सहज बोलला. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. माझा नवरा हातातली घडीची मोजपट्टी उगाच उघडमीट करायला लागला. मी आबांकडे पाहिलं नाही. पाहायचं धाडस झालं नाही.

इतकी वर्षं आबांनी जो मान दिला, तो घेणाऱ्याला मान वाटलाच नव्हता. त्याला ती मांडणावळ वाटत होती, मोजून घेतलेली, आणि वर जरा जास्तच. मेहेरबानी करणारे म्हणून कोणी कधी आमच्याकडे पाहिलं नव्हतं. महाग म्हणून पाहिलं होतं.

"न्हाई धरलेलं," आबा म्हणाले. डोळे उघडून, शांतपणे. "आमी कधीच धरलं न्हाई ते."

शेतकरी गोंधळला. "मग फुकट कशापायी, मिस्त्री?"

 आबांनी माझ्याकडे मान वळवली.

"सूनबाई, तू तिकडं कारखान्यात हेच करतीस ना? एका पलंगामागं किती जातं हे मांडन्यात?"

नवऱ्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण शेडमध्ये बसलेल्या माणसाला काय कळत नाही? माझ्याकडे आकडा तयार होता. तो मी इतक्या वेळा काढला होता की झोपेतही सांगितला असता. पण विचारणारा त्या खुर्चीतला माणूस होता. नोकरीत मी कधी आकडा फिरवला नव्हता. त्या दिवशी मी निम्माच सांगितला.

आबांचा चेहरा मोकळा झाला. "एवढंच? मंग एवढ्यासाठी काय पैशे मागायचे मुलीच्या बापाकडं. चालू द्या फुकट."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरा आकडा माहीत होता. आता तो बोलणार नाही, पट्टी मिटून खिशात घालील, आणि संध्याकाळी सुप्याला होकार कळवील, हे मला स्पष्ट दिसलं. माझ्या दयेने त्याची शेड जात होती.

"आबा," मी म्हटलं, "मी खोटं सांगितलं. त्याच्या दुप्पट जातं."

मग मी खरा आकडा सांगितला. कारागिरांचे दिवस, दोनदा डिझेल, परत पॉलिश, बंद पडलेली मशिनं, सगळं. शेतकऱ्याची बायको पलंगाच्या कडेवर टेकली. 

आबा पायाखालच्या भुशाकडे बघत राहिले. त्यांना राग आला नव्हता. मनात ते गेलेल्या सगळ्या मांडवांतून एकदा फिरून आले असावेत, असं मला वाटलं. मग त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि ते उठले.

"धर," ते मुलाला म्हणाले. "पलंगाचा भाव कमी सांग यांना, कोपरगावएवढा. आन् मांडनावळ वायली सांग. पायजे तर घेतील."

 नवऱ्याने दोन्ही आकडे सांगितले, वेगवेगळे, जमिनीकडे बघत. शेतकऱ्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"मांडून द्या," तो म्हणाला. "एकुलती एक हाय."

आबांनी चपला घातल्या. रोज ते संध्याकाळपर्यंत बसतात, त्या दिवशी दुपारीच घरी निघाले. मी सोबत निघाले तर हात करून मला थांबवलं. रस्ता ओलांडताना त्यांनी एकदा वळून शेडकडे पाहिलं, आणि मग टेम्पो जाऊ देऊन ते पलीकडे गेले. मी दारात उभी राहून रडले. माझा नवरा आत त्या बाईंना पॉलिशचे रंग दाखवत होता.